सातबारा अडला कुठे? तलाठी, सर्कल की तहसीलदार

प्रश्न: वडील दोन वर्षांपूर्वी वारले. गावची (संगमेश्वर तालुका) जमीन त्यांच्या नावावर आहे. आम्ही कांदिवलीला राहतो. तलाठ्यांकडे वारस नोंदीचे कागद दिले. ते म्हणतात, 'मी नोंद घातली, आता सर्कलकडे आहे.' तहसीलला गेलो तर म्हणाले, तलाठ्याला भेटा. हे सर्कल म्हणजे नक्की कोण? आणि सातबारा नेमका कोणाच्या ताब्यात असतो?

उत्तर:

तुम्हाला कोणी फसवलेलं नाही, असं आधी सांगतो. तलाठी बरोबर बोलले आणि तहसीलचा कारकूनही फारसा चुकीचा बोलला नाही. सातबारा एकाच माणसाच्या ताब्यात असतो आणि तो माणूस सापडला की काम होतं, असं आपण धरून चालतो. घोटाळा तिथेच होतो. सातबाऱ्यावर नोंद लिहिणारा एक असतो, ती मंजूर करणारा दुसरा असतो आणि त्या मंजुरीविरुद्ध दाद ऐकणारा तिसराच असतो. तुमची नोंद यांपैकी कोणाच्या टेबलावर आहे, हे आधी शोधायचं. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी झालो, आता निवृत्त होऊन मुलुंडला असतो. शेजारपाजारचे लोक अजून गावचे उतारे घेऊन घरी येतात. त्यातल्या बहुतेकांचा गुंता तुमच्यासारखाच असतो.

रचना अशी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जिल्ह्याखाली उपविभाग, त्याखाली तालुका, तालुक्याखाली मंडळ, मंडळाखाली सझा आणि सझ्याखाली गाव. सझा म्हणजे एका तलाठ्याची गावं, कधी एक, कधी चार-पाच. असे काही सझे मिळून एक महसूल मंडळ होतं आणि त्यावर मंडळ अधिकारी असतो. त्यालाच सगळे सर्कल म्हणतात. २०१७ मध्ये राज्यात ३१६५ नवे सझे आणि ५२८ नवी मंडळं मंजूर झाली, म्हणजे साधारण सहा सझ्यांमागे एक मंडळ. हा आकडा मुद्दाम सांगतोय. तुमच्या वडिलांच्या वेळी तुमचं गाव ज्या मंडळात होतं त्याच मंडळात आजही असेल, याची खात्री नाही. जुन्या कागदावरचं मंडळाचं नाव पाहून थेट तिकडे गाडी वळवू नका. २०२४ पासून तलाठ्याच्या पदाचं नावही ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. दारावरच्या पाटीवर ते नाव दिसलं तर दुसऱ्याच ऑफिसात आलो असं समजू नका.

मुंबईतल्या माणसाला मंडळ हा शब्द एकाच ठिकाणी भेटतो, पावसाळ्यातल्या बातम्यांत. 'अमुक तालुक्यातील पाच मंडळांत अतिवृष्टी' असं पेपरात येतं ना, ती हीच महसूल मंडळं. पाऊस मंडळनिहाय मोजतात आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. याचा तुमच्या वारस नोंदीशी अगदी प्रत्यक्ष संबंध आहे. अतिवृष्टी झाली की नुकसानीच्या पंचनाम्यांची जबाबदारी ज्यांच्यावर येते त्यांत तलाठी आणि सर्कल आघाडीवर असतात, आणि त्या आठवड्यांत फेरफार पडून राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये 'सर्कल भेटत नाहीत' ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण त्यात कोणाचा डाव नसतो.

आता नोंद कशी फिरते ते पाहा. तुम्ही मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र दिलंत. तलाठी वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत घेतो आणि मग गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घालतो. तिला एक क्रमांक पडतो. त्यानंतर संबंधितांना नोटीस निघते, एक प्रत चावडीवर लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस सोडतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी कागद तपासतो आणि नोंद प्रमाणित करतो, म्हणजे मंजूर करतो. आता हे ई-फेरफार प्रणालीत त्याच्या डिजिटल सहीने होतं. ती सही झाल्याशिवाय सातबाऱ्यावर तुमचं नाव चढत नाही. तलाठ्याने कितीही मनापासून म्हटलं की 'झालं तुमचं काम', तरी त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या वाट्याचं झालं.

लिहिणाऱ्याने स्वतःच मंजूर करायचं नाही, म्हणून ही दोन माणसं वेगळी ठेवली आहेत. तलाठी गावातच असतो, सगळ्यांशी त्याची ऊठबस असते, त्याच्यावर दबावही येतो. सर्कल एक पायरी लांब असतो, आणि तरीही गावात जाऊन चार माणसांचे जबाब घेण्याइतका जवळ असतो. संहितेच्या कलम १५० मध्ये हीच वाटणी आहे. वाद नसलेली नोंद सर्कलच्या स्तरावर प्रमाणित होते. हरकत आली तर प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. त्यावर सुनावणी होते आणि निर्णय अव्वल कारकुनाच्या दर्जाखाली नसलेला अधिकारी देतो. मंडळ अधिकारी त्या दर्जाचा असल्यामुळे गावाकडची पुष्कळ तक्रारी प्रकरणं तोच चालवतो. कायदा म्हणतो की अशी प्रकरणं साधारणपणे एका वर्षात निकाली काढावीत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

म्हणजे 'सर्कलकडे आहे' या एका वाक्याचे बरेच अर्थ होऊ शकतात. पंधरा दिवस अजून संपले नसतील. संपले असतील, पण सर्कलला कागदात काही कमी दिसत असेल. कोणीतरी हरकत घेतली असेल. किंवा नोंद केव्हाच नामंजूर झाली असेल आणि तुम्हाला कोणी कळवलंच नसेल. यातलं कोणतं तुमच्या बाबतीत खरं आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तुम्ही कांदिवलीत बसून बऱ्यापैकी शोधू शकता.

bhulekh.mahabhumi.gov.in वर गावचा सातबारा काढा आणि नावांची यादी वाचून थांबू नका. उताऱ्यावर 'प्रलंबित फेरफार' असं लिहिलेलं असतं. तिथे 'नाही' असेल तर आज त्या गटावर कोणतीही नोंद मंजुरीसाठी थांबलेली नाही. मग एकतर तलाठ्याने नोंद घातलेलीच नाही, किंवा ती नामंजूर झाली आहे. क्रमांक दिसला तर नोंद खरंच सर्कलच्या प्रतीक्षेत आहे. तो क्रमांक लिहून घ्या. महाभूमीच्याच 'आपली चावडी' या पानावर गावच्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. त्यात हरकतीची शेवटची तारीखही असते. ती तारीख उलटून महिना झाला असेल तर अडचण कागदात आहे किंवा हरकत आली आहे, असं समजायला हरकत नाही.

यानंतर फेरफाराची प्रत मिळवा. या कागदाकडे लोक नीट पाहत नाहीत, आणि सगळी हकीकत त्यातच असते. त्याला चार रकाने असतात. पहिल्यात नोंदीचा क्रमांक. दुसऱ्यात मजकूर: कोण वारलं, कधी, वारस कोण, कोणते कागद पाहिले. तिसऱ्यात गट नंबर. या तीनही रकान्यांत तलाठ्याने लिहिलेलं असतं. चौथा रकाना चाचणी अधिकाऱ्याचा, म्हणजे सर्कलचा. तो कोरा असेल तर नोंद अजून उघडी आहे. 'नोटीस बजावली, हरकत नाही, मंजूर' अशा अर्थाचा शेरा असेल तर काम झालं. 'नामंजूर' किंवा 'रद्द' असेल तर त्याच्या पुढची ओळ पुन्हा पुन्हा वाचा, कारण पुढे काय करायचं ते तिच्यावरच ठरतं.

एक उदाहरण सांगतो, तुमच्याशी मिळतंजुळतं आहे. तालुका तोच, माणसं लालबागची. वडील गिरणीत होते, मुंबईतच वारले, म्हणून मृत्यूचा दाखला महापालिकेचा. गावी तीन गट, त्यांतले दोन चुलत्यांबरोबर सामाईक. दोघा भावांनी अर्ज केला आणि वारस म्हणून आई आणि ते दोघे एवढीच नावं दिली. बहीण नालासोपाऱ्याला दिलेली. 'ती काही मागणार नाही' म्हणून तिचं नाव घातलंच नाही. तलाठ्याने दिलेल्या कागदांवरून नोंद घातली. चुलत्यांना सहहिस्सेदार म्हणून नोटीस गेली. सर्कल गावात आले तेव्हा चुलत्याने सहज सांगितलं की यांना एक बहीणही आहे. चौथ्या रकान्यात शेरा पडला: सर्व वारसांचा समावेश नाही, सबब नोंद रद्द.

घरात गहजब झाला. चुलत्याने वैर साधलं, सर्कलला काहीतरी हवं असणार, असं सगळं बोलून झालं. थोरला भाऊ तहसीलदारांकडे अर्ज घेऊन गेला, तिथून त्याला परत पाठवलं. कोणीतरी अपील करा असा सल्ला दिला आणि वकिलाची फी ठरली. माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला तो शेराच परत वाचायला लावला. त्यात हक्काचा वाद नव्हताच, यादी अपुरी होती. मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. सर्कलला ती आहे हे कळल्यावर तिला वगळून नोंद मंजूर केली असती तर चूक त्याची ठरली असती. मग अपील कशाला? चौघांची नावं घालून नव्याने अर्ज केला, नवा फेरफार क्रमांक पडला, नव्याने नोटीस निघाली.

तरीही दुसऱ्या वेळी गाडी अडलीच, आणि ती कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक मुंबईकराची अडते तिथेच. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव 'दत्ताराम सखाराम', आडनाव नाही. महापालिकेच्या दाखल्यावर 'दत्तात्रय', पुढे आडनाव. दोन्ही एकच माणूस आहे हे सर्कलने कशावरून मानायचं? वडिलांचा शाळेचा दाखला शोधला, त्यावर दत्ताराम होतं आणि आडनावही होतं. गावातल्या दोन वयस्कर माणसांचे आणि पोलीस पाटलाचे जबाब सर्कलने घेतले. आधी ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याच चुलत्याने चौथा जबाब दिला. मग नोंद मंजूर झाली. असे जबाब घेऊन खात्री करणं हे सर्कलचंच काम आहे, म्हणून नावाचा फरक असेल तर तलाठ्याच्या मागे लागण्यापेक्षा पुरावे घेऊन थेट सर्कलला भेटा. सुट्टीत गावी जाल तेव्हा अशी दोन माणसं उपलब्ध असतील एवढं आधी बघून ठेवा.

बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल तर तिचं नाव आधी लागू द्या आणि मग तिने हक्कसोडपत्र करून द्यावं. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेलंच लागतं. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेलं हक्कसोडपत्र घेऊन लोक येतात. त्यावर नोंद होत नाही आणि वर्ष वाया जातं.

आता तहसीलदार. तो तालुक्याचा प्रमुख, तलाठी आणि सर्कल दोघेही त्याच्या हाताखाली. म्हणून लोक आधी तिथे धावतात. पण रोजची फेरफार मंजुरी त्याच्या टेबलावर येत नाही. काही कामं मात्र त्याचीच आहेत. कुळकायद्याची प्रकरणं, कलम ८५ खाली जमिनीचं वाटप, बांधावरून रस्त्याची मागणी, आणि सातबारा संगणकावर चढवताना झालेल्या लेखनचुका कलम १५५ खाली दुरुस्त करणं. तुमचं आडनाव चुकलं, क्षेत्राचा आकडा हस्तलिखितात वेगळा आणि संगणकात वेगळा, अशा वेळी अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या. वारस नोंद नुसती रखडली असेल तरी त्यांना लेखी देता येतं, पण त्यात फेरफार क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख लिहा. 'आमचं काम करत नाहीत' एवढ्याच अर्जावर 'तलाठ्यास भेटावे' हाच शेरा पडणार.

सर्कलने हरकत ऐकून तुमच्या विरुद्ध निर्णय दिला तर अपील तहसीलदारांकडे जात नाही. ते प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कलम २४७ खाली जातं. मुदत साठ दिवस. तहसीलदारांकडे विनवण्या करण्यात हे साठ दिवस संपवलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. मग विलंब माफीचा अर्ज आला, त्याची कारणं आली, आणि मूळ प्रकरण बाजूलाच राहिलं. दुसरं लग्न, दत्तक, मृत्युपत्र असला वाद असेल तर सर्कल, प्रांत कोणीही मालकी ठरवू शकत नाही. ते दिवाणी न्यायालयाचं काम आहे. महसूल खातं आदेशाप्रमाणे नोंद करेल, तेवढंच.

एक गोष्ट या साखळीच्या बाहेरची आहे. हद्द, नकाशा आणि मोजणी यांच्याशी सर्कलचा संबंध नाही. ते भूमी अभिलेख विभागाचं काम, आणि तालुक्याला त्यांचा उप अधीक्षक असतो. दोन्ही ऑफिसं पुष्कळदा एकाच आवारात असतात, म्हणून लोक मोजणीचा अर्ज तहसीलच्या खिडकीवर देतात. शेजाऱ्याने बांध सरकवला ही तक्रार सर्कलला सांगितली तर तो फार तर जागेवर येऊन पाहील, पण मोजणीच्या खुणांशिवाय बांध कुठे हे तो ठरवू शकत नाही.

मुंबईचं विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून थोडक्यात. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. तहसीलदार, सर्कल, तलाठी तिथेही असतात. पण बहुतेक जमिनींना नगर भूमापन लागू झालं आहे, त्यामुळे सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते आणि तिच्यावरची नोंद नगर भूमापन अधिकारी करतो. मुंबई शहर जिल्ह्याची रचना आणखी वेगळी आहे, तिथे गावाकडच्यासारखी मंडळं आणि सझे मनात आणूच नका. तुमच्या कांदिवलीच्या फ्लॅटसाठी सर्कल शोधत फिरायची वेळ येणार नाही.

राज्याबाहेरचे लोक मुंबईत भरपूर आहेत आणि त्यांचे सल्ले ऐकून घोळ वाढतो, म्हणून हेही सांगतो. बिहारमधला सहकारी 'सीओला भेटा' म्हणेल. त्यांच्याकडे सर्कल ऑफिसर हा अंचलाचा प्रमुख, जवळपास आपल्या तहसीलदारासारखा. आंध्र आणि तेलंगणात मंडल म्हणजे तालुक्याच्या जागी आलेला घटक, त्यावर तहसीलदार बसतो. कर्नाटकात आपल्या मंडळाच्या जागी होबळी आणि तिथे महसूल निरीक्षक, तमिळनाडूत फिरका. उत्तर प्रदेशात तलाठ्याच्या जागी लेखपाल आणि त्याच्यावर कानूनगो. पायरी सगळीकडे आहे, पण तिच्यावर बसलेल्या माणसाचे अधिकार सारखे नाहीत. त्यांच्या गावचा अनुभव तुमच्या सातबाऱ्याला लावू नका.

तुमच्यापुरतं आता एवढंच करा. सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफार आहे का बघा. क्रमांक दिसला तर तलाठ्यांना फोन करून फक्त दोन गोष्टी विचारा: नोटीस कोणाकोणाला बजावली, आणि हरकत आली आहे का. मुंबईतल्या भावंडांच्या नोटिसा गावच्या बंद घराच्या पत्त्यावर जाऊन परत येतात, हे कारण फार सापडतं. तसं असेल तर सगळ्यांचे इथले पत्ते आणि मोबाइल नंबर लेखी कळवा. क्रमांक दिसला नाही तर फेरफाराची प्रत काढून चौथा रकाना वाचा. नोंद घातलीच नसेल तर ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज इथूनच करता येतो, त्याची पोचही राहते. आणि गाडी पकडण्यापूर्वी सर्कल कोणत्या वारी कुठे बसतात ते विचारून घ्या. मंडळाच्या गावी त्यांचं ऑफिस असलं तरी बैठकीच्या दिवशी ते तहसीलला असतात आणि बाकीच्या दिवशी कुठल्यातरी पंचनाम्यावर. फेरफाराचा शेरा मिळाला की तो जसाच्या तसा इथे लिहा, वारसांची नावं गाळून. मग पुढचं सांगतो.